व्हिडिओच स्लो, बाकी सगळं फास्ट

प्रश्न: जुळे सोलापुरात फोरजीवर व्हिडिओ सारखा अडकतो पण स्पीडटेस्ट मस्त येते, कंपनी मुद्दाम स्लो करते का? व्हीपीएनने कळेल का?

कळतं की. fast.com उघडा, ती टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून चालते त्यामुळं कंपनीला ती व्हिडिओसारखीच दिसते. समजा तिथं 3 एमबीपीएस आलं आणि साध्या स्पीडटेस्टला 25, तर आता व्हीपीएन लावा, सर्व्हर शक्यतो मुंबईचाच घ्या, आणि fast.com परत चालवा. आता 18-20 आलं तर डाळ में कुछ काला, कारण व्हीपीएनमध्ये आत काय चाललंय ते कंपनीला दिसत नाही, मग निवडून दाबणार कसं?

पण एकदा बघून भांडायला जाऊ नका, व्हीपीएन चालू-बंद करत आलटूनपालटून चार-पाच वेळा बघा, फोन जागचा हलवू नका, टॉवर बदलला की आकडे बदलतात. व्हीपीएन लावून, न लावून आणि साध्या स्पीडटेस्टलापण 3 च आलं तर टॉवरवर गर्दी असेल, संध्याकाळी असतेच. व्हीपीएनवर स्पीड कमी झाला तर त्यावरून काहीच ठरत नाही, लांबचा किंवा फुकटातला सर्व्हर असला की तसं होतंच. आणि वाढला तरी कधीकधी नुसता रस्ता बदलल्यानं वाढतो, म्हणून दुसऱ्या व्हीपीएननंपण एकदा बघाच.