दिवाळीचा गल्ला आणि एक तारखेचा रिपोर्ट

प्रश्न: आमचं किराणा दुकान आहे. दिवाळीचा महिना वर्षातला सगळ्यात चांगला गेला, गल्ला रोज भरलेला होता. पण नव्या बिलिंग सॉफ्टवेअरने एक तारखेला आपोआप पाठवलेल्या पहिल्याच रिपोर्टमध्ये नफा जेमतेम दिसतोय. खरं काय मानायचं?

उत्तर: अजून दोन्हींपैकी काहीच मानू नका. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट बहुतेक वेळा चुकलेला असतो आणि दिवाळीची आठवणही चुकलेली असते, फक्त दोघांच्या चुका उलट दिशेच्या असतात. एका किराणा दुकानाचा ऑक्टोबरचा हिशेब उदाहरण म्हणून घेऊ. आकडे सोपे ठेवले आहेत.

दुकानदाराच्या डोक्यातला हिशेब सरळ होता. महिन्यात रोख आणि यूपीआय मिळून 7 लाख 20 हजार जमा झाले, शेकडा बारा सुटतात, म्हणजे 86 हजार राहिले. एक नोव्हेंबरला सकाळी फोनवर रिपोर्ट आला, त्यात ढोबळ नफा होता 9 हजार 800. ते मुलीला म्हणाले, "काढून टाक ते सॉफ्टवेअर." तिने काढलं नाही. स्टॉकची यादी उघडली आणि म्हणाली, "अण्णा, हरभरा डाळ उणे 136 किलो दाखवतंय. मागे तर कट्टा उभा आहे."

तुम्हीही सुरुवात इथूनच करा. उणे स्टॉक म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते तुम्ही जवळ नसलेला माल विकला. असं दुकानात घडत नाही, तेव्हा नोंदीतच काहीतरी चुकलंय हे नक्की. या डाळीचं असं झालं होतं: 80 रुपये दराची 100 किलो डाळ आधीची होती. मग 50 किलोचे चार कट्टे आले, प्रत्येकी 4,000 रुपयांना. डाळीचं एकक सॉफ्टवेअरमध्ये किलो होतं आणि खरेदीचं बिल चढवताना संख्येच्या रकान्यात 4 पडलं. सॉफ्टवेअरने ते चार किलो धरले, चार हजार रुपये किलोने, आणि सरासरी काढली:

```
(100 × 80 + 4 × 4000) ÷ 104 = 230.77
```

आता 86 रुपयांनी विकलेल्या प्रत्येक किलोवर रिपोर्टला जवळपास 145 रुपये तोटा दिसणार. महिन्यात 240 किलो डाळ गेली. खरं तर तिच्यात किलोमागे 6 रुपये सुटले होते, पण एका चुकलेल्या बिलाने रिपोर्टमधून सुमारे 36 हजार रुपये नफा गायब केला. चकली-लाडवाच्या दिवसांत डाळीचाच खप जास्त, म्हणून चूकही तितकीच फुगली.

हे शोधायला सोपं आहे. वस्तूनिहाय नफ्याचा रिपोर्ट काढा आणि सगळ्यात जास्त तोट्याच्या वस्तू वर येतील असा लावा. जिथे खरेदीदर विक्रीच्या दुप्पट-तिप्पट दिसतो, तिथे एककाचा घोळ आहे. त्या वस्तूला दुसरं एकक जोडा, 1 कट्टा = 50 किलो, आणि बिलात कट्टा हे एकक निवडून ते पुन्हा जतन करा. व्यवहार झाल्यावर एकक बदलू देत नसेल तर बिलातच संख्या 200 आणि दर 80 करा. गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, बिस्किटांची खोकी, सगळीकडे हेच तपासा.

दुसरी चूक बारीक असते, म्हणून जास्त दिवस टिकते. शाम्पूवर आता 5 टक्के जीएसटी आहे. बाटली 100 रुपयांना पडली, वर कर 5. विकली 126 ला, त्यातला कर 6, म्हणजे तुमचे 120. नफा 20 रुपये, कारण खरेदीवर भरलेले 5 तुम्हाला वजावटीत मिळतात. पण खरेदीदर करासकट 105 चढवला आणि 'करासहित' ही खूण केली नाही, तर रिपोर्ट 15 दाखवतो. या दुकानात एका एजन्सीची सगळी बिलं अशी चढली होती, फरक 4 हजारांचा. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र 105 हाच खरा खर्च, कारण वजावट मिळत नाही. तिथे दर करासकटच चढवा.

या दोन दुरुस्त्यांनंतर ढोबळ नफा 50 हजारांवर आला. आता आठवणीतल्या 86 हजारांकडे वळू.

गल्ल्यात आलेले सगळे पैसे त्या महिन्याच्या विक्रीचे नसतात. दिवाळीच्या तोंडावर लोक जुनी उधारी चुकती करतात. इथे 65 हजार तशी वसुली होती, तो माल आधीच्या महिन्यांत गेला होता आणि त्याचा नफाही त्याच महिन्यांत धरायला हवा. उलट ऑक्टोबरमध्ये 25 हजारांची नवी उधारी गेली, ती गल्ल्यात दिसत नाही पण विक्री आहे. म्हणजे 7 लाख 20 हजारांतून 65 वजा करा, 25 मिळवा, विक्री 6 लाख 80 हजार. त्यातला 18 हजार जीएसटी सरकारचा. उरले 6 लाख 62 हजार.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे दिसते. या दुकानाची एरवीची विक्री, कर सोडून, 4 लाख 20 हजार. दिवाळीत वाढलेले जवळपास सगळे 2 लाख 40 हजार तेल, साखर, रवा, मैदा, डाळ या मालाचे होते आणि त्यात त्यांना सरासरी शेकडा चारच सुटत होते. शेजारच्या दुकानापेक्षा तेलाचा डबा पाच रुपयांनी महाग लावला की गिऱ्हाईक तिकडे जातं, त्यामुळे इथे दर वाढवता येत नाही. साबण, मसाले, बिस्किटं यांत तेरा टक्के सुटतात, पण त्यांचा खप एरवीइतकाच राहिला. म्हणून वाढीव विक्रीवर नफा वाढला तो साधारण 9 हजार 600. त्या गर्दीसाठी दोन मुलं दहा दिवस ठेवली होती, रोजी 500 प्रमाणे, म्हणजे 10 हजार मजुरी.

त्यामुळे घरी नेण्यासारखं उरलं ते साध्या महिन्याएवढंच. महिना चांगला गेला ही आठवण गर्दीपुरती बरोबर होती.

रिपोर्ट दुरुस्त झाला की नाही याची खात्री मोजणीनेच होते. ज्या दहा वस्तूंमध्ये सगळ्यात जास्त पैसा अडकलाय त्या हाताने मोजा आणि स्टॉकच्या यादीशी जुळवा. डाळ 60 किलो निघायला हवी, कारण 100 आणि 200 मधून 240 गेली. किलो-दोन किलोचा फरक सुट्या मालात येतोच, वजन करताना आणि सांडण्यात जातो. सुरुवातीचा स्टॉक चढवताना दर शून्य राहिला नाही ना, तेही पाहा. तो राहिला तर चूक उलटी होते, फुकटचा माल विकल्यासारखा नफा फुगतो आणि तेव्हा रिपोर्टवर शंकाही येत नाही.

मोजणी महिन्याच्या शेवटच्या रात्री दुकान बंद केल्यावर करा, म्हणजे सकाळच्या रिपोर्टमध्ये दुरुस्त आकडे येतील. आणि जुन्या उधारीची वसुली विक्रीच्या बिलात न घालता गिऱ्हाइकाच्या खात्यावर वेगळी जमा दाखवा. त्या दुकानात आता वसुलीच्या नोटांसाठी गल्ल्याशेजारी वेगळा डबा ठेवलाय, रात्री मुलगी त्यातल्या चिठ्ठ्या पाहून नोंदी करते.