पासपोर्टचं नूतनीकरण: यादीतलं मूळ काय, झेरॉक्स कशाची, फोटो कोणते

"आम्ही तिघं (मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी) तीन महिन्यांत कोथरूडहून ऑस्टिनला जातोय. माझा आणि मुलीचा पासपोर्ट अजून दीड वर्ष चालेल, म्हणजे नूतनीकरण तिकडेच करावं लागणार. न्यू जर्सीच्या नणंदेने कॉन्सुलेटच्या यादीचा फोटो काढून पाठवलाय, तो खाली जोडलाय. त्यातलं मूळ काय द्यायचं, झेरॉक्स कशाची, फोटो किती, काही उलगडत नाहीये. पुण्यातून काय करून न्यावं?"

फी किती, अपॉइंटमेंट कशी घ्यायची हे संकेतस्थळावर नीट लिहिलेलं असतं, त्यात शिरत नाही. यादीबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तुम्ही जोडलेला फोटो अर्धवट आहे.

त्यात वरची ओळ कापली गेली आहे. यादी कशासाठी आहे ते नेमकं त्या ओळीत असतं: मोठ्यांचं नूतनीकरण, अठराच्या आतल्या मुलांचं, हरवलेला पासपोर्ट की फाटलेला. या चारही याद्या वरवर सारख्याच दिसतात. पाचव्या आणि सातव्या मुद्द्यापुढे चांदणी आहे, पण चांदणीची तळटीप फोटोत आलेली नाही. अट नेहमी तिथेच लपलेली असते: "पती किंवा पत्नीचं नाव घालायचं असल्यासच", "फक्त मुलांसाठी" अशी काहीतरी. नणंदेला सांगा, कागद टेबलावर सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि मागच्या बाजूचाही पाठवा. आणखी एक गोष्ट. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटकडे येतं, टेक्सास ह्यूस्टनकडे. कागद बहुतेक तेच लागतील, पण पत्त्याचा पुरावा ह्यूस्टनच्या हद्दीतला हवा. त्यामुळे तयारी या यादीवरून करा आणि अर्जाच्या आठवड्यात ह्यूस्टनची ताजी यादी समोर ठेवूनच पाकीट बंद करा.

आता वर्गवारी. कागदाच्या नावावरून ढीग केलेत तर फसाल, कारण एकच कागद दोन ढिगांत जातो. त्यापेक्षा तो कागद तिकडेच राहणार, दाखवून परत मिळणार की त्याची फक्त नक्कल जाणार, हे प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा. नुसतं "कॉपी" असेल तिथे मूळ कागद पाकिटात घालू नका, नसत्या प्रवासाला जातो. "ओरिजिनल अँड कॉपी" असेल तिथे दोन्ही लागतात, पण मूळ ठेवून घेणार की बघून परत देणार हे त्या तीन शब्दांतून कळत नाही. पोस्टाने अर्ज करणार असाल तर या ओळीवर जास्तच थांबा.

तुमच्या यादीवर हे लावून बघू. छापलेला अर्ज आणि त्यासोबतची परिशिष्टं मूळच जातात, सहीसकट, आणि परत येत नाहीत. सध्याचा पासपोर्टही मूळ द्यावा लागतो. तो रद्द करून नव्यासोबत परत मिळतो, पण मधल्या काळात तुमच्या हातात पासपोर्ट नसतो, तेव्हा त्या आठवड्यांत विमानाचं तिकीट काढू नका. परत आलेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, मुदत शिल्लक असलेला व्हिसा त्यातच असतो.

त्याच पासपोर्टची झेरॉक्सही लागते आणि इथे लोक हमखास चुकतात. फोटोचं एक पान काढून भागत नाही. पहिली दोन आणि शेवटची दोन पानं हवीत. शेवटच्या पानावर आईवडिलांचं नाव, जोडीदाराचं नाव आणि पत्ता असतो, म्हणून ते महत्त्वाचं. कुठल्या पानावर अधिकाऱ्याने शेरा मारलेला असेल तर त्याचीही झेरॉक्स घ्या. "सेल्फ अटेस्टेड" म्हटलं असेल तर प्रत्येक झेरॉक्सवर पासपोर्टवर आहे तशीच सही करा. आता बँकेत वेगळी सही करत असाल, तर इथे ती चालवू नका.

व्हिसाची किंवा तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची नक्कल जाते. पत्त्याच्या पुराव्याचीही नक्कलच, पण हा पुरावा पुण्याहून नेता येत नाही आणि तुमच्यासारख्या नुकत्या आलेल्या गृहिणीची खरी अडचण इथेच होते. घराचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, आणि अर्ज तुमचा. घर घेतानाच करारात तुमचं नाव घालून घ्या. सही करायच्या आधी ते एका ओळीचं काम असतं, नंतर घरमालकाच्या ऑफिसला तीच ओळ डोंगराएवढी वाटते.

मुलीची फाइल पूर्ण वेगळी ठेवा. तिच्यासाठी जन्मदाखला, तुम्हा दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि आईवडिलांनी मिळून सही करायचं परिशिष्ट डी. यादीत "नोटराइज्ड" असं लिहिलं असेल तर घरून सही करून जाऊ नका. नोटरी स्वतःच्या डोळ्यांसमोर झालेल्या सहीवर शिक्का मारतो, आधीच केलेल्या सहीवर नाही, म्हणजे दोघांनाही नोटरीसमोर जावं लागतं. नवऱ्याची फिरतीची नोकरी असेल तर तारखा आधी बघा. मुलगी स्वतः सही करत नसेल तर अंगठा घेतात: मुलीचा उजवा, मुलाचा डावा. शाई चौकटीबाहेर गेली की अर्ज पुन्हा छापा.

अर्जात आणीबाणीत कोणाला कळवायचं असा एक रकाना आहे. तिथे नाव लिहिताना हात अडखळतो, एवढंच सांगतो. पुण्यात असतानाच ठरवून ठेवा, फोन नंबरसकट. एकटेपणाबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही, तो यादीत नसतो.

पुण्यातून न्यायचे कागद खरं तर दोनच, पण ते चोख हवेत. पहिला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी झाली नसेल तर निघायच्या आधी करा. मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका तिकडे उपयोगाची नाही. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी पहिलंही बदलतं. पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, करार तिसऱ्याच मिश्रणाने, असं असेल तर नूतनीकरणात कोणतं नाव हवं ते आताच ठरवा. पासपोर्टमधलं माहेरचं नाव तसंच ठेवून फक्त जोडीदाराचं नाव घालणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग, असं माझं मत. तुमचा व्हिसा त्याच नावाने आहे, आणि नाव बदललं की ते तिकडच्या प्रत्येक कचेरीत पुन्हा सांगत बसावं लागतं.

दुसरा, मुलीचा जन्मदाखला. तो काढून बघा आणि त्यात तिचं नाव आहे का ते तपासा. बारशाआधी काढलेल्या दाखल्यात नावाची जागा रिकामीच असते आणि पुढे कोणी बघत नाही. नाव चढवून घेण्याचं काम इथे महापालिकेत होतं, ह्यूस्टनहून करायला गेलात तर घरच्यांना खेटे पडतात. आईवडिलांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग तुमच्या पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून बघा. शाळेचा दाखला कॉन्सुलेटला लागत नाही, तरी जवळ असू द्या. तिकडच्या शाळेत मुलांच्या नावातलं वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून चढतं, कधी गाळलं जातं, कधी तेच पहिलं नाव समजून हाक मारतात. पहिल्या दिवशी जे नोंदवलं जातं ते वर्षानुवर्षं चिकटतं. मुलांना त्याचं काही वाटत नाही, आपल्याला मात्र बोचत राहतं. प्रवेशाच्या फॉर्मवरच नाव पासपोर्टप्रमाणे लिहा आणि हाक मारायचं नाव वेगळ्या रकान्यात द्या.

आता फोटो. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात, त्यामुळे फोटो घेऊन जायची सवयच आपल्याला राहिलेली नाही. तिकडे छापील फोटो तुम्हालाच द्यावे लागतात. तुमच्या यादीत २ बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी आणि दोन प्रती असं लिहिलंय. दोन प्रती म्हणजे प्रत्येक अर्जाला दोन, म्हणजे तुमचे दोन आणि मुलीचे दोन. एक अर्जावर चिकटवायचा, दुसरा सोबत. स्टेपल मारू नका, चेहऱ्यावर भोक पडलं की फोटो बाद.

पुण्याहून मात्र फोटो काढून नेऊ नका. स्टुडिओत "पासपोर्ट साइज" मागितलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा मिळतो, बऱ्याचदा निळ्या पार्श्वभूमीवर आणि चेहरा गुळगुळीत करून. आकार, रंग आणि टचअप, तीनही कारणांनी तो नाकारला जाऊ शकतो. शिवाय फोटो अलीकडचा हवा आणि सहा वर्षांच्या मुलीचा चेहरा वर्षभरात बदलतो. तिकडच्या औषधांच्या दुकानात २ बाय २ इंचाचा फोटो सहज मिळतो, पण तो अमेरिकन पासपोर्टच्या मापाने काढतात आणि त्यात डोकं लहान येतं. भारताच्या नव्या सूचनांनुसार चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापायला हवा, चष्मा काढलेला हवा. ही सूचना फोटो काढणाऱ्याला आधीच दाखवा. ऑनलाइन अर्जासाठी वेगळा फोटो मागितला तर त्याचं माप ६३० बाय ८१० पिक्सेल, म्हणजे उभा आयत. चौकोनी छापील फोटो स्कॅन करून ताणलात तर चेहरा लांबट होतो, म्हणून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या आणि तिच्यातून दोन्ही मापं कापा.

शेवटचा मुद्दा तुमच्या यादीत नाही. अमेरिकेत उतरताना मिळणाऱ्या आय-९४ वरची राहण्याची मुदत अनेकदा पासपोर्टच्या मुदतीपाशीच तोडतात, व्हिसा पुढचा असला तरी. तुमच्या आणि मुलीच्या बाबतीत ती साधारण सव्वा वर्षावर येऊ शकते. नवा पासपोर्ट हातात आला म्हणून ही तारीख आपोआप पुढे जात नाही. ती वेगळा अर्ज करून किंवा देशाबाहेर जाऊन परत येताना वाढवावी लागते. उतरल्यावर त्याच आठवड्यात दोघींचं आय-९४ ऑनलाइन काढा आणि तारीख बघा. पासपोर्ट संपायला वर्ष उरलं की, म्हणजे तिकडे पोचल्यावर साधारण तीन महिन्यांनी, नूतनीकरणाचा अर्ज लगेच टाका.