‘दोनदा ताकीद दिली’ या शेऱ्याचे इंडोनेशियन भाषांतर

प्रश्न: आमच्या कारखान्याचा अप्रेझल फॉर्म आणि साहेबांचे शेरे इंडोनेशियन भाषेत करून द्यायचे आहेत. भाषा येते, पण कुणाला लागेल असे काही जायला नको. सौम्य शब्दांची यादी कुणाकडे आहे का?

यादी करता येईल, पण माझ्या हातून जी चूक झाली ती कुठल्याही यादीने टळली नसती. जकार्ताच्या पूर्वेला असलेल्या चिकारांगच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भाषांतराचे काम करत होते. कारखान्याचे प्रमुख पुण्याहून आलेले होते. गुणवत्ता विभागातील एका पर्यवेक्षकाच्या फॉर्मवर त्यांनी इंग्रजीत तीन वाक्ये लिहिली, ज्यांचा आशय असा होता की हा रिजेक्ट मालाची जबाबदारी घेत नाही, अहवाल उशिरा देतो आणि याला दोनदा ताकीद दिली आहे.

पहिल्या वाक्याचे मी ‘तिदाक बर्तांगुंग जावाब’, म्हणजे ‘जबाबदार नाही’, असे केले. त्यातला ‘जावाब’ आणि आपल्या जबाबदारीतला ‘जबाब’ एकाच अरबी शब्दातून आलेले, त्यामुळे तो शब्द मला घरचाच वाटला. प्रत्यक्षात माणसाविषयी असे म्हटले की ते त्याच्या कामाबद्दल न राहता स्वभावाबद्दल होते. बायकोमुलांना वाऱ्यावर सोडून गेलेल्या पुरुषालाही तिकडे हेच म्हणतात.

तरीही खरा घात तिसऱ्या वाक्याने केला. ‘ताकीद’ म्हणून मी ‘पेरिंगातान’ हा शब्द घातला. शब्दकोशाच्या दृष्टीने तो अचूक आहे, पण इंडोनेशियातील कामगाराच्या कानाला त्यात ‘सुरात पेरिंगातान’ म्हणजे लेखी इशारापत्र ऐकू येते. अशी पहिली, दुसरी, तिसरी पत्रे क्रमाने देतात, प्रत्येकाची मुदत साधारणपणे सहा महिन्यांची असते आणि त्यानंतरही चूक झाली तर कामावरून काढण्याचा मार्ग मालकाला मोकळा होतो. त्या गृहस्थांना एकही पत्र मिळालेले नव्हते. ‘दोनदा पेरिंगातान’ वाचून आपल्या नकळत दोन पायऱ्या संपल्या, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांनी सही केली, हसून ‘बाइक, पाक’ म्हणजे ‘ठीक आहे, साहेब’ म्हटले आणि आठवड्याभरात राजीनामा दिला. मग मनुष्यबळ विभागाने विचारले की ती दोन पत्रे कुठे आहेत, तेव्हा कळले की प्रमुखांनी यंत्राजवळ उभे राहून दोनदा तोंडी सांगितले होते, एवढेच.

त्यासाठी ‘दिइंगात्कान सचारा लिसान’, म्हणजे ‘तोंडी आठवण करून दिली’, एवढे पुरले असते. दोन्ही शब्दांचे मूळ ‘इंगात’ म्हणजे आठवण हेच आहे. मागेपुढे लागलेल्या प्रत्ययांनी मात्र एक कागद होतो आणि दुसरे नुसते बोलणे राहते.

प्रमुखांचे म्हणणे असे होते की भाषांतरकाराने लिहिले आहे ते उतरवावे, साखर घालू नये. मी तेव्हा गप्प बसले, पण आज स्पष्ट सांगते की हे म्हणणे अर्धेच खरे आहे. श्रेणी बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मान्य. मात्र शेऱ्यामागे काय घडले हे माहीत नसताना केलेले भाषांतर म्हणजे अंदाज असतो, आणि लिहिणाऱ्याने नीट लिहिले नसेल तर त्याला उठवून विचारणे हे आपले कामच आहे. मी विचारले नाही, हा माझा दोष. त्यांनी ‘सांगितले’ ऐवजी ‘ताकीद दिली’ लिहिले, हा त्यांचा.

आता आपल्या शेऱ्यांकडे पाहू. माणसाला कर्ता न करता कामाला करावे आणि ‘तिदाक’ म्हणजे ‘नाही’ या जागी शक्य तिथे ‘बेलुम’ म्हणजे ‘अजून नाही’ वापरावे. ‘तो अहवाल उशिरा देतो’ याचे मी आज ‘लापोरान बेलुम दिसाम्पाइकान तपात वाक्तू’ असे करीन, म्हणजे अहवाल अजून वेळेवर दिला जात नाही. आणि पुढे ‘दिहाराप्कान’ने, म्हणजे ‘अपेक्षा आहे’ने, सुरू होणारे एक वाक्य जोडून अहवाल नेमका केव्हा हवा ते लिहीन, उदाहरणार्थ पाळी बदलण्यापूर्वी. श्रेणीच्या रकान्यात ‘समाधानकारक’साठी ‘चुकुप’ घालू नये. त्याचा शब्दशः अर्थ ‘पुरेसे’ असला, तरी श्रेणी म्हणून तो ‘जेमतेम’ असा वाचला जातो. ‘ममनुही हारापान’, म्हणजे अपेक्षा पूर्ण करतो, हे ठीक.

मात्र ‘बेलुम’ सगळीकडे पेरले तर सर्वांत खालची श्रेणी मिळालेल्या माणसालाही आपले ठीक चालले आहे असे वाटेल, तेव्हा आकडा आणि शेरा यांचा मेळ एकदा तपासावा. खरोखर इशारापत्र दिलेले असेल, तर तिथे ‘पेरिंगातान’च लिहावे आणि पत्राची तारीख घालावी. हे सारे कारखान्यातले आहे. बँकेत किंवा सरकारी कचेरीत ठरलेले शब्द वेगळे असू शकतात, म्हणून तिथल्या मनुष्यबळ विभागातील कुणाकडून तरी एकदा वाचून घ्यावे.

पुढच्या वर्षी त्या प्रमुखांच्या शेऱ्यांमध्ये एका ठिकाणी ‘तोंडी सांगितले’ असे चक्क मराठीत लिहून आले. चूक कबूल करण्याची ती त्यांची रीत असावी, असे मी धरून चालते.