सर्टिफिकेटचे तिकीट तारखेवर नव्हे, मुदतीवर बांधा

प्रश्न: आमची कंपनी अंबड एमआयडीसीत आहे. सर्टिफिकेट रिन्यूअल दरवर्षी आणि अ‍ॅक्सेस रिव्ह्यू दर तिमाहीला, अशी तिकिटे जिरात आपोआप उघडतात. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर: रिव्ह्यूसाठी बहुतांशी पुरेसे आहे, सर्टिफिकेटसाठी मात्र आता नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात हेच काम पाहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत पूर्वी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस झाली. मार्च २०२७ मध्ये ती १०० आणि मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येईल. समजा, १० जून २०२६ रोजी घेतलेले सर्टिफिकेट २६ डिसेंबरला संपते. महिनाभर आधी उघडायचे ठरलेले वार्षिक तिकीट उघडेल पुढच्या मे महिन्यात, म्हणजे साइट बंद पडून चार महिन्यांहून अधिक काळ उलटल्यावर. विक्रेत्याला वर्षभराचे पैसे भरलेले असले, तरी मध्येच सर्टिफिकेट नव्याने काढून घ्यावे लागते. हे खरेदी विभागाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

म्हणून तिकिटाची तारीख ठरावीक अंतरावरून न काढता सर्व्हर प्रत्यक्षात जे सर्टिफिकेट देतो त्याच्या मुदतीवरून काढावी. `host` च्या जागी आपल्या होस्टचे नाव घालून ही आज्ञा रोज चालवा:

```
openssl s_client -connect host:443 -servername host </dev/null 2>/dev/null | openssl x509 -noout -enddate
```

उत्तरात `notAfter=Dec 26 23:59:59 2026 GMT` असे दिसेल. ही वेळ जीएमटी आहे, त्यामुळे आपल्याकडे मुदत २७ डिसेंबरला, रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते. तीस दिवस उरले की स्क्रिप्टने तिकीट उघडावे आणि त्या होस्टचे तिकीट आधीच उघडे असेल तर नवे उघडू नये. अन्यथा रोज एक याप्रमाणे ढीग साचतो आणि कोणीच पाहत नाही.

तिकीट बंद करण्याची अटही हीच आज्ञा असावी. नवी फाइल डिस्कवर आली, पण एनजिनएक्स रीलोड झाले नाही किंवा पुढच्या लोड बॅलन्सरवर जुनेच सर्टिफिकेट राहिले, हा नेहमीचा घोळ असतो. फाइल तपासल्यास सारे ठीक दिसते. बाहेरून विचारल्यास जुनी तारीख येते. नवी तारीख आलेले उत्तर तिकिटात चिकटवल्याशिवाय ते बंद करू देऊ नये.

अ‍ॅक्सेस रिव्ह्यूला स्वतःची मुदत नसते, त्यामुळे तिथे तिमाही वेळापत्रक योग्यच आहे. फक्त वापरकर्त्यांची यादी त्या दिवशी प्रणालीतून काढून जोडावी, आणि ज्यांचे हक्क काढायचे ठरले त्या प्रत्येकासाठी उपतिकीट करावे. विभागप्रमुखाने "पाहिले" असे लिहिल्याबरोबर मूळ तिकीट बंद होत असेल, तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते पुढच्या तिमाहीच्या यादीत पुन्हा दिसते, आणि ऑडिटर नेमके तेच शोधतो.