केमोनंतर न्यूट्रोफिल घसरले: आकडा कसा वाचायचा

प्रश्न: आईच्या केमोला दहा दिवस झाले. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल २४ टक्के. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर: जपायला हवं. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. नुसता टक्का पाहू नका, एकूण पेशींना त्याने गुणा: १८०० चे २४ टक्के म्हणजे ४३२. हा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. १५०० च्या खाली गेला की न्यूट्रोपेनिया म्हणतात. १००० पर्यंत संसर्गाचा धोका फारसा वाढत नाही, १००० ते ५०० मध्ये वाढतो आणि ५०० च्या खाली तो गंभीर असतो. १०० च्या खाली, किंवा आठवड्याहून जास्त दिवस कमीच राहिला, तर सर्वांत जास्त.

व्हायरल ताप, बी-१२ ची कमतरता, थायरॉईडची कार्बिमाझोल गोळी यांनीही हा आकडा उतरतो. इथे कारण केमोच दिसतं. अस्थिमज्जेतलं उत्पादन मंदावतं आणि न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, त्यामुळे साधारण ७ ते १४ व्या दिवशी तळ गाठला जातो.

फसगत होते ती इथे: पू मुख्यतः न्यूट्रोफिलचाच बनतो. तेच नसले की जखम लाल होत नाही, न्यूमोनिया एक्स-रेत नीट दिसत नाही. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण. म्हणून १००.४ फॅरनहाइट भरला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत न्या, केमो चालू असल्याचं आधी सांगा. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. ताप नसताना थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा गळून गेल्या, तरीही न्या. आणि हा रिपोर्ट आजच ऑन्कोलॉजिस्टना कळवा.