शेवटच्या मुलाखतीनंतर एचआर गप्प

शेवटचा राउंड होऊन बारा दिवस झाले, एचआर काहीच कळवत नाही. निर्णय कधी, हे कसं विचारू?

मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं, त्यालाच उत्तर द्या. पद, तारीख सगळं तिथेच सापडतं. मजकूर एवढाच:

"नमस्कार मॅडम, ४ तारखेला माझी शेवटची मुलाखत झाली. निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे? माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, म्हणून विचारतोय."

"काही अपडेट?" विचारलंत तर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर येतं. बऱ्याचदा बजेटची मंजुरी अडकलेली असते, किंवा दुसऱ्या उमेदवाराच्या होकाराची वाट बघणं चालू असतं (हे ते सांगणार नाहीत). दुसऱ्या ऑफरची थाप मारू नका, लेटर मागतात. चार कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं, तर सकाळी अकराच्या सुमारास एक फोन करा.