गेमिंग पीसीचं वीजबिल आणि गोल्ड पीएसयूचा फरक

प्रश्न: म्हापशात राहतो. ६५० वॅटच्या ब्राँझ पीएसयूवर रोज ५ तास गेम खेळतो. बिल किती वाढेल? गोल्ड घेतला तर वाचेल का?

उत्तर: महिन्याला साधारण ६२ युनिट वाढतील, गोल्डने त्यातले जेमतेम साडेतीन वाचतील. पीएसयू म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि ६५० वॅट ही त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद आहे, रोजचा खप नव्हे. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर वगैरे मिळून ३५० वॅट घेतात असं धरू. ब्राँझ आणि गोल्ड या पीएसयूच्या कार्यक्षमतेच्या श्रेणी. ब्राँझची कार्यक्षमता सुमारे ८५ टक्के, म्हणून सॉकेटमधून ४१२ वॅट ओढले जातात. वरचे ६२ वॅट नुसती उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडतात. गोल्ड ९० टक्के धरला तर ३८९. दीडशे तासांत फरक साडेतीन युनिटचा, म्हणजे ४ रुपये दराने १४ रुपये. तेवढ्यासाठी चांगला चालणारा पीएसयू बदलू नका. त्यापेक्षा फ्रेमरेट ६० वर बांधून ठेवा, कार्डाचा खप लगेच उतरलेला दिसेल. मात्र गोव्यात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि ही जादा युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात मोडतात. तेव्हा हिशेब बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने करा, सरासरीने नको. मॉनिटर यात धरलेला नाही.